आयपीओला अर्ज करायचा की लिस्टिंगच्या दिवशी शेअर घ्यायचा? पात्रता, कागदपत्रे आणि दोन्हींची रीत

आयपीओचा शेअर दोन ठिकाणी मिळतो. इश्यू, म्हणजे कंपनीची ही पहिली शेअरविक्री, खुला असताना अर्ज केला तर कंपनीने ठरवलेल्या भावात मिळतो, पण वाटपात नाव लागेलच असं नाही. लिस्टिंगच्या, म्हणजे शेअर बाजारात पहिल्यांदा येण्याच्या, दिवशी बाजारातून घेतला तर बहुतेक वेळा हाती येतो, मात्र भाव त्या सकाळी ठरतो. दोन्हींसाठी डीमॅट खातं तेच वापरलं जातं, म्हणून अनेकांना हा एकच व्यवहार वाटतो. प्रत्यक्षात नियम वेगळे आहेत, आणि पैसे बुडतात ते बहुधा हे वेगळेपण ठाऊक नसल्यामुळे.

अर्ज कोण करू शकतो, काय लागतं

स्वतःच्या नावाचं पॅन, डीमॅट खातं आणि बँक खातं एवढं असलं की पुरे. ऑनलाइन अर्जाला कागद जोडावे लागत नाहीत. ब्रोकरच्या अ‍ॅपमधून अर्ज केला तर यूपीआय आयडी द्यावा लागतो. बँकेच्या नेटबँकिंगमधूनही ‘अस्बा’ सुविधेने अर्ज करता येतो. दोन्हींत रक्कम खात्यातच राहते, फक्त रोखून धरली जाते. शेअर मिळाले तरच ती वळती होते. बचत खात्यावरचं व्याज तोपर्यंत चालू असतं.

२ लाख रुपयांपर्यंतचा अर्ज किरकोळ गुंतवणूकदारांच्या गटात धरला जातो. या गटाला ‘कट-ऑफ’ भावाने बोली लावता येते. म्हणजे कंपनीने दिलेल्या किमान ते कमाल किंमतपट्ट्यात अंतिम भाव जो ठरेल तो मान्य. हाच पर्याय निवडा. पट्ट्यातला कमी भाव टाकलात आणि अंतिम भाव वर गेला, तर अर्ज शर्यतीतून बाहेर पडतो.

अर्ज बाद होण्याचं एक मोठं कारण म्हणजे दुसऱ्याचा यूपीआय आयडी. माझ्या बहिणीने पहिल्या आयपीओच्या वेळी मेव्हण्यांचा आयडी टाकला होता. रक्कम रोखायची परवानगी मागणारं मँडेट आलं, रक्कम रोखली गेली, सगळं सुरळीत वाटलं, आणि वाटपाच्या दिवशी अर्ज नाकारल्याचं कळलं. ज्याच्या नावाने अर्ज आहे, बँक खातंही त्याचंच हवं. एका पॅनवर एकच अर्ज चालतो. दोन ब्रोकरांकडून दोन अर्ज केले तर दोन्ही बाद होतात. अर्ज भरला की काम संपलं असंही समजू नका. यूपीआय अ‍ॅपमध्ये आलेलं मँडेट इश्यू बंद होण्याच्या दिवशी संध्याकाळी ५ वाजेपर्यंत मंजूर करावं लागतं.

जास्त लॉट टाकून काही मिळतं का?

मागणी भरपूर असेल तर नाही. लॉट म्हणजे अर्जासाठी ठरवलेला शेअरांचा किमान गठ्ठा. सेबीच्या नियमानुसार किरकोळ गटात शक्य तितक्या लोकांना आधी प्रत्येकी एक लॉट द्यायचा असतो. अर्जदार उपलब्ध लॉटपेक्षा जास्त झाले की सोडत निघते, आणि सोडतीत एका लॉटचा अर्ज आणि तेरा लॉटचा अर्ज यांची संधी सारखीच असते. गाजावाजा असलेल्या इश्यूत एकच लॉट टाका. घरातल्या दुसऱ्या सज्ञान माणसाला स्वतःच्या पॅन, डीमॅट आणि बँक खात्यातून वेगळा अर्ज करता येतो. त्याने संधी खरोखर वाढते.

१ डिसेंबर २०२३ पासून इश्यू बंद झाल्यावर कामकाजाच्या तिसऱ्या दिवशी लिस्टिंग बंधनकारक आहे. पहिल्या दिवशी वाटप ठरतं, दुसऱ्या दिवशी शेअर डीमॅटमध्ये येतात किंवा रोखलेली रक्कम मोकळी होते.

लिस्टिंगची सकाळ

इथे अर्ज नाही, पट्टा नाही. डीमॅट आणि ट्रेडिंग खातं असलेला कोणीही भाग घेऊ शकतो. सकाळी ९ वाजता खास प्री-ओपन सत्र सुरू होतं. ९.४५ पर्यंत ऑर्डर टाकता, बदलता, रद्द करता येतात. ही वेळ काही मिनिटं आधीही संपू शकते, म्हणून शेवटच्या क्षणाची वाट पाहू नये. मग जमलेल्या ऑर्डरींवरून असा एक भाव काढला जातो, ज्यावर सर्वाधिक शेअरांचा व्यवहार जुळेल. तोच लिस्टिंगचा भाव. १० वाजता नेहमीचे व्यवहार सुरू होतात.

शेअर मिळालेल्याला याच सत्रात विकताही येतं. आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी पाहून ठेवा: शेअर डीमॅटमध्ये दिसतात का, आणि विक्रीची परवानगी तयार आहे का. ब्रोकरला विकलेले शेअर डीमॅटमधून काढायची कायमची परवानगी, म्हणजे डीडीपीआय, दिलेली नसेल तर डीमॅट खात्याचा टीपिन आणि ओटीपीने मंजुरी द्यावी लागते. ऐन सकाळी हे करायला गेलं की हमखास उशीर होतो.

आता सर्वांत जास्त गैरसमज असलेला नियम. मोठ्या इश्यूंना पहिल्या दिवशी २० टक्क्यांची मर्यादा असते, पण ती मोजतात प्री-ओपनमध्ये ठरलेल्या भावापासून. इश्यूच्या भावाशी तिचा संबंध नसतो.

पेटीएमचं उदाहरण घ्या. इश्यूचा भाव २,१५० रुपये, लॉट ६ शेअरांचा, म्हणजे अर्ज १२,९०० रुपयांचा. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी बीएसईवर शेअर १,९५५ रुपयांना उघडला. २० टक्के खाली म्हणजे १,५६४, आणि दिवसअखेर भाव तिथेच टेकला होता. ज्याने उघडतानाच सहा शेअर विकले त्याचा तोटा १,१७० रुपये. ‘थोडं थांबू, वर येईल’ म्हणणाऱ्याचा शेवटी सुमारे ३,५०० रुपये, म्हणजे इश्यूच्या भावावर २७ टक्के. आणि ‘स्वस्तात मिळतोय’ म्हणून सकाळी १,९५५ ला घेणाऱ्याचे एका दिवसात सहा शेअरांमागे सुमारे २,३५० रुपये गेले. खालचं सर्किट लागल्यावर, म्हणजे भाव खालच्या मर्यादेला टेकल्यावर, विकायला रांग असते, घ्यायला कोणी नसतं. स्क्रीनवर खरेदीची बाजू रिकामी दिसली की ओळखावं, आपली विक्रीची ऑर्डर पडून राहणार.

उलटही घडतं. टाटा टेक्नॉलॉजीजचा भाव ५०० रुपये होता, लॉट ३० शेअरांचा. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी एनएसईवर तो १,२०० ला उघडला. अर्जाला १५,००० लागले असते, तेवढेच शेअर सकाळी घेण्यासाठी ३६,००० लागले. त्या दिवशी भाव आणखी चढला, पण घेणारा २० टक्क्यांच्या चौकटीत १,२०० पासून खेळत होता. आधीची ७०० रुपयांची वाढ वाटप मिळालेल्यांच्या पदरात पडली होती.

म्हणून पहिल्या दिवशी घ्यायचंच असेल, तर कंपनीचं मोल आपल्या हिशेबाने किती ते आदल्या रात्री लिहून ठेवा आणि तेवढ्याच भावाची लिमिट ऑर्डर टाका. प्री-ओपनमध्ये मार्केट ऑर्डर टाकणं म्हणजे इतरांनी ठरवलेला कोणताही भाव मान्य करणं. मी स्वतः प्री-ओपनमध्ये खरेदी करत नाही, १० नंतरचे निदान दोन तास जाऊ देतो. प्रवर्तकांचे आणि इतर बहुतेक जुन्या भागधारकांचे शेअर तेव्हा लॉक-इनमध्ये असतात, म्हणजे ठरावीक काळ विकता येत नाहीत, त्यामुळे विकायला थोडाच माल असतो, आणि थोड्या मालावर भाव जोरात हलतो.

विकताना करही येतो. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरांच्या नफ्यावर २० टक्के, मग शेअर वाटपातून आलेले असोत किंवा बाजारातून.

इश्यू २५० कोटींपेक्षा लहान असेल तर खेळ आणखी बदलतो. असा शेअर पहिले १० दिवस ‘ट्रेड फॉर ट्रेड’ गटात राहतो आणि मर्यादा ५ टक्क्यांची असते. सकाळी घेऊन दुपारी विकता येत नाही, डिलिव्हरी घ्यावीच लागते. ऑर्डर टाकण्यापूर्वी इश्यूचा आकार पाहा.