वेळ निघून जाण्याआधी की बोट पाण्यात जाण्याआधी?

मे महिन्याच्या शेवटी आमच्या तालुक्यातल्या एका हॉस्पिटलने हेल्थ चेकअप पॅकेजच्या फ्लेक्सचं काम दिलं. ओळ त्यांनीच लिहून आणली होती : ‘वेळ निघून जाण्याआधी तपासणी करा’. सोबत छातीवर हात धरून बसलेल्या माणसाचा फोटो. मॅनेजर म्हणाले, ‘‘लोक येत नाहीत हो, जरा तातडी वाटली पाहिजे.’’

मी वहीत त्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली : ‘बोट पाण्यात जाण्याआधी तपासणी करा’. दोनच शब्द बदलले होते. त्यांनी दोन्ही वाचल्या आणि म्हणाले, ‘‘तेच तर आहे.’’

ते ‘तेच’ नाही. पण गल्लत होण्यासारखंच आहे, कारण दोन्ही ओळींत ‘आधी’ आहे आणि दोन्ही वाचून माणूस क्षणभर थबकतो. पहिल्या ओळीतली वेळ कुठली? कॅलेंडरवर ती नाही. ती वेळ म्हणजे मरण, फक्त नाव न घेता सांगितलेलं. दुसऱ्या ओळीतली वेळ बंदरावरच्या पोरालाही माहीत आहे. यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. नंतरही बरेच जण नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊनच बोट लोटतात. मग तांडेल आणि खलाशी दिवसचे दिवस पाण्यावर. पहाटे उपाशीपोटी हॉस्पिटलात जाऊन बसायला मोकळीक असते ती बंदीतच. तेव्हा पहिली ओळ आहे धाक आणि दुसरी निकड. धाकाच्या वाक्यात कर्ता आजार असतो, निकडीच्या वाक्यात एखादा दिवस.

मॅनेजरांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ‘‘घाबरल्याशिवाय माणूस हलत नाही,’’ हे सगळेच म्हणतात. यावर १९६५ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताच्या लशीबद्दल पत्रकं वाचायला दिली. काहींच्या पत्रकात अंगावर येणारी वर्णनं आणि फोटो होते, काहींच्यात साधी माहिती. भेदरवणारं पत्रक वाचलेल्यांनी ‘लस घ्यायलाच हवी’ असं जास्त जोरात सांगितलं. मात्र प्रत्यक्ष लस टोचून कोण आलं हे मोजलं, तेव्हा भीती कमी की जास्त याने काहीच फरक पडला नव्हता. फरक पडला तो दवाखान्याचा नकाशा आणि वेळा दिल्याने, आणि ‘तुमच्या आठवड्यात केव्हा जमेल ते ठरवा’ एवढं सांगितल्याने. ज्यांना हे मिळालं त्यांच्यातले साधारण २८ टक्के गेले, ज्यांना नाही त्यांच्यातले ३ टक्के. थोडीबहुत काळजी मुळात लागतेच, नाहीतर नकाशा कोण उघडणार? पण ती वाढवत नेऊन पुढे काही हाती लागलं नाही.

का लागत नाही, याची मांडणी किम विट्टे या संशोधक बाईंनी १९९२ मध्ये केली. धोका मोठा दिसला की माणूस लगेच दुसरा प्रश्न विचारतो : याला उपाय आहे का, आणि तो मला झेपेल का? उत्तर ‘हो’ आलं तर तो धोका टाळायच्या मागे लागतो. ‘नाही’ आलं तर तो नुसती भीती घालवायच्या मागे लागतो, म्हणजे नजर वळवतो, थट्टा करतो किंवा ‘जाहिरातच ती’ म्हणून सोडून देतो.

आमच्याकडे तर ही थट्टा आधीच तयार आहे. बंदरावरच्या चहाच्या टपरीवर मी मुद्दाम विषय काढला, तर एक म्हातारे नाखवा जाळ्याचं भोक विणताविणता म्हणाले, ‘‘गेलो काय कायतरी काढतलेच.’’ गेलं की काहीतरी काढणारच. हे वाक्य नीट ऐकलं पाहिजे. नाखवांना भीती आजाराची नाहीये, ‘काढण्या’ची आहे. एकदा काही निघालं की गोळ्या, फेऱ्या, कोल्हापूर नाहीतर मुंबई. अशा माणसासमोर छाती धरलेला फोटो लावणं म्हणजे त्यांच्याच भीतीला टेकू देणं. त्यांना हवं असतं ते वेगळंच : किती वेळ जाईल, किती पैसे जातील आणि काही निघालंच तर इथल्या इथे कोण सांभाळेल.

त्या फोटोत आणखी एक घोटाळा होता, आणि तो जाहिरातीपेक्षा मोठा आहे. चेकअप पॅकेज हे काही होत नसलेल्या माणसासाठी असतं. रक्तदाब, साखर वर्षानुवर्षं काही न सांगता वाढलेली असते, ती पकडायला. छातीत दुखणाऱ्या माणसाने पॅकेज घ्यायचं नसतं, त्याने त्याच क्षणी कॅज्युअल्टी गाठायची असते. मागे एकदा मीच दुसऱ्या ठिकाणी ‘छातीत धडधड? दुर्लक्ष नको’ असं लिहून दिलं होतं. रिसेप्शनवरच्या ताईंनी नंतर सांगितलं की एक गृहस्थ फोनवर म्हणाले, ‘‘कालपासून छाती भरून आल्यासारखी वाटते, तुमच्या पॅकेजला शनिवारची वेळ द्या.’’ ताई शहाण्या, त्यांनी लगेच यायला लावलं. पण शनिवारपर्यंत थांबायची कल्पना माझ्या ओळीने दिली होती. तेव्हापासून पॅकेजच्या फ्लेक्सवर मी लक्षण लिहीत नाही.

‘तपासणी करा, आयुष्य वाढवा’ हेही नाही. धाक नाही म्हणून ती ओळ निरुपद्रवी वाटते, पण ती खरी नाही. सरसकट आरोग्य तपासण्यांवरच्या अभ्यासांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये पुन्हा घेतलेला आढावा असं सांगतो की अशा तपासण्यांनी एकूण मृत्यूंमध्ये जवळपास फरक पडत नाही. म्हणून ओळीने वचन द्यावं ते सकाळ संपताना खरोखर हातात पडेल त्याचंच : आपली साखर किती आणि प्रेशर किती.

मग मॅनेजरांबरोबर बसून फ्लेक्स पुन्हा बांधला. माझी पहिली ओळ होती ‘बोटीचं इंजिन खोललंत, आता स्वतःकडे बघा’. बंदीत इंजिन खोलतात, तळ खरवडतात, रंग काढतात, आणि त्याला कोणी घाबरत नाही, म्हणून मला ती फार आवडली होती. डॉक्टरांनी एका वाक्यात निकालात काढली : ‘‘हॉस्पिटलच्या दारावर ‘खोललंत’ लिहिलंत तर लोकांना ऑपरेशनच दिसेल.’’ बरोबर होतं. शेवटी वरची ओळ ठरली :

‘बोट पाण्यात जाण्याआधी एक सकाळ स्वतःसाठी.’

खालच्या ओळीवर जास्त वेळ गेला, कारण येलचा नकाशा तो हाच. मी विचारलं, माणूस आला की नक्की काय काय होतं? उपाशीपोटीचं रक्त साडेसातला. मग नाश्ता. जेवणानंतरची साखर बघायची तर खाल्ल्यापासून दोन तास थांबावं लागतं, त्यात ईसीजी आणि वजन-प्रेशर उरकतं. दुसरं रक्त साधारण दहाला. म्हणजे साडेदहाला माणूस मोकळा. तसंच लिहिलं : ‘रात्री ९ नंतर फक्त पाणी. सकाळी ७.३० ला या, १०.३० ला मोकळे. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी, डॉक्टर समोर बसून समजावतील.’ ‘फक्त पाणी’ हे दोन शब्द डॉक्टरांनी घालायला लावले, कारण उपाशी म्हणजे निर्जळी समजून येणारे बरेच असतात, आणि ‘चहा म्हणजे काही खाणं नव्हे’ म्हणणारेही. साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांसाठी ‘आधी फोन करा’ अशी बारीक ओळ खाली आली, कारण उपाशीपोटी ती गोळी घेऊन कोणी एसटीत बसायला नको.

मॅनेजरांना तरीही ‘फक्त शेवटचे १० दिवस’ हवं होतं. ही धाकाची धाकटी बहीण, खोटी घाई. सवलत खरंच दहा दिवसांत संपणार का, असं विचारल्यावर ते हसले. हायवेवर असे फ्लेक्स उन्हाने पांढरे पडेपर्यंत ‘शेवटचे १० दिवस’ सांगत उभे असतात, आणि लोक ते वाचून घाई शिकत नाहीत, थांबायला शिकतात. शिवाय भुलवणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये नियमावली काढली आहे, ती हॉस्पिटलाच्या सेवेलाही लागू होते. पण मर्यादा खरी असेल तर खुशाल लिहावी. बोलता बोलता कळलं की सोनोग्राफीचे डॉक्टर बाहेरगावाहून फक्त बुधवारी आणि शनिवारी येतात आणि सकाळी पंधराच्या वर माणसं होत नाहीत. म्हटलं, हे घ्या, तुमची तातडी घरातच होती. ‘सोनोग्राफी बुधवार-शनिवार, दिवसाला १५ जण, नाव आधी नोंदवा.’ यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि तरी वाचणारा बोटांवर बुधवार मोजतो.

गणपतीसाठीही एक ओळ मागितली होती, चाकरमान्यांना डोळ्यांसमोर ठेवून. त्यांची होती ‘आई-बाबांची काळजी आहे ना?’ ही भीती नव्हे, पण टोचणी आहे, आणि मुंबईहून रात्रभर गाडीत अवघडून आलेल्या मुलाला घराच्या वळणावर ती कशाला? मी लिहिलं, ‘परत जाण्याआधी आई-बाबांना एकदा घेऊन या’. त्यावर डॉक्टरांची अडचण निराळीच. मोदकांच्या दिवसांत उपाशीपोटीची साखर आणि ट्रायग्लिसराइड पुढेमागे होऊ शकतात, आणि भटजी यायच्या वेळी घरातली आई तीन तास बाहेर पडणारच नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी चार दिवसांच्या मोदकांनी फारशी हलत नाही, पण तेवढ्यासाठी पॅकेज बदलायला हॉस्पिटल तयार नव्हतं. ओळ तीच ठेवून तारखा पाच दिवसांच्या विसर्जनानंतरच्या टाकल्या.

बंदीचा फ्लेक्स जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जेटीच्या वळणावर लागला. ऑगस्ट उजाडला तसा मॅनेजरांचा फोन आला, ‘‘अजून चांगला आहे, राहू दे की गणपतीपर्यंत.’’ मी पोराला शिडी घेऊन पाठवला. वळणाखालचा धक्का तोवर निम्मा रिकामा झाला होता.