चार्जिंग पोर्टच्या तळाशी साचलेला बोळा

आमच्या शेजारच्या काकांचा फोन रात्रभर चार्जिंगला लावलेला असूनही सकाळी कधी पूर्ण भरलेला असे, तर कधी वीस टक्क्यांवर अडकलेला असे. केबल एका विशिष्ट कोनात वाकवून फोनखाली वहीची घडी सरकवली की चार्जिंग सुरू होई आणि टेबलाला कोणाचा धक्का लागला की बंद पडे. दुकानदाराने जॅक बदलावा लागेल, असे सांगून ठेवले होते. मी फोनचे मागचे कव्हर काढले, पिन दाबून बसवली आणि फोन डोळ्यांसमोर आडवा धरला, तेव्हा पिनेचे प्लास्टिक आणि फोनची कड यांच्यात जवळपास एक मिलिमीटरची फट दिसली. कव्हर आधी काढणे महत्त्वाचे, कारण जाड कव्हरच पिनेला अडवत असेल तरी लक्षणे अगदी अशीच दिसतात.

हा फोन टाइप-सी पोर्टचा होता. या पोर्टचे तोंड सुमारे ८.३ मिलिमीटर रुंद आणि २.६ मिलिमीटर उंच असते आणि त्याच्या मधोमध जेमतेम ०.७ मिलिमीटर जाडीची एक पातळ जीभ असते, जिच्या दोन्ही अंगांना सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक पट्ट्या असतात. फोन खिशात ठेवला की कपड्याचे सुटे तंतू आणि धूळ या तोंडातून आत शिरतात. एवढ्याने काही बिघडत नाही, बिघडते ते त्यानंतर, कारण केबल खुपसताना प्रत्येक वेळी पिनेचे टोक हा कचरा तळाशी ठासत जाते आणि काही महिन्यांत तिथे नमद्यासारखा घट्ट थर तयार होतो.

एक मिलिमीटरने एवढा फरक का पडावा, याचे उत्तर पिनेच्या रचनेत आहे. वीज वाहून नेणारे आणि भूसंपर्काचे स्पर्शबिंदू मुद्दाम थोडे पुढे ठेवलेले असतात, म्हणजे पिन आत जाताना ते आधी जोडले जातात आणि बाकीचे त्यांच्या मागोमाग जोडले जातात. मागून जोडल्या जाणाऱ्यांत सीसी नावाचा संपर्क असतो, ज्यावरून फोन आणि चार्जर एकमेकांना ओळखतात. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमध्ये ही ओळख पटल्याशिवाय चार्जर वीज सोडतच नाही. त्यामुळे पिन तळापर्यंत पोचली नाही, तर विजेचे संपर्क जुळलेले असूनही चार्जिंग होत नाही, आणि सीसी जेमतेम टेकत असेल तर ते चालू-बंद होत राहते. केबल सैल वाटण्याचे कारणही हेच आहे: जिभेच्या दोन्ही कडांना खाचा असतात, पिनेतील बाजूच्या स्प्रिंगपट्ट्या त्यांत अडकल्या की खट्ट असा हलका आवाज होतो आणि पिन धरून राहते. तळाशी बोळा असला की स्प्रिंगा खाचांपर्यंत पोचतच नाहीत.

सफाई करण्यापूर्वी केबल काढून फोन बंद करावा. त्यानंतर टॉर्चचा उजेड तिरका टाकून पाहावे. स्वच्छ पोर्टचा तळ सपाट आणि कडा रेखीव दिसतात, तर कचरा असेल तिथे करडा, केसाळ पृष्ठभाग दिसतो. जीभ आणि भिंत यांच्यात फार तर ०.९ मिलिमीटर जागा असल्यामुळे दात कोरायची लाकडी काडी जशीच्या तशी आत जात नाही, म्हणून तिचे टोक ब्लेडने तासून चपटे करावे लागते. हे टोक जिभेला न टेकवता बाहेरच्या भिंतीला लावून तळापर्यंत सरकवावे, मग कोपऱ्याकडे ओढत बाहेर आणावे. आत ढकलू नये, कारण ढकलल्याने थर आणखी घट्ट होतो. जिभेच्या दोन्ही बाजूंना हे तीन-चार वेळा करावे लागते आणि अधूनमधून पोर्ट खाली करून फोन तळहातावर आपटावा लागतो. काकांच्या फोनमधून आधी काही सुटे धागे आले आणि तिसऱ्या खेपेला पोर्टच्या रुंदीचा, निळसर करडा, कापलेल्या वातीसारखा तुकडा अख्खाच्या अख्खा बाहेर आला. निळा रंग त्यांच्या जीन्सचा होता.

सुई किंवा टाचणी मात्र वापरू नये. शेजारच्या दोन पट्ट्यांच्या मध्यांत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे अंतर असते, त्यामुळे धातूचे टोक त्यांना सहज जोडू शकते आणि मुलामाही खरवडते. तोंडाने फुंकर मारल्यास थुंकीचे थेंब आत जातात, आणि ठासलेला थर तिने हलतही नाही.

सफाईनंतर पिन कडेपर्यंत बसून खट्ट आवाज आला, तर काम झाले. फट मिटूनही पिन डुगडुगत असेल, तर दुसरी केबल लावून पाहावी, कारण टाइप-सीमध्ये झिजणाऱ्या स्प्रिंगा बहुतांशी केबलच्या पिनेत असतात. दुसऱ्या केबलनेही तेच होत असेल, जीभ हलताना दिसत असेल किंवा पट्ट्यांवर काळे-हिरवे डाग असतील, तर काडी बाजूला ठेवावी आणि दुकानदाराचा जॅक बदलण्याचा सल्ला मानावा.