पार्श्वभूमी : शुगर पट्टीच्या डबीवरचं ‘फ्रीज करू नका’

वैद्यकीय उपकरणांचे केंद्रीय नियम 2017 मध्ये आले आणि 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. 1 एप्रिल 2020 पासून तर जवळपास सगळीच उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली. बॅच क्रमांक, मुदत, साठवणुकीची अट, बाहेरचा माल असेल तर आयातदाराचं नाव, हे सगळं लेबलवर हवंच. मात्र ते मराठीत हवं अशी सक्ती नाही. त्यामुळे मराठी माहितीपत्रक बहुधा विक्रीच्या गरजेपोटी, शेवटच्या टप्प्यावर आणि घाईत तयार होतं.

त्या घाईचा सगळ्यात जास्त फटका एका ओळीला बसला आहे. शुगर मशीनच्या अनेक पट्ट्यांची साठवणुकीची मर्यादा 2 ते 30 अंश सेल्सिअस असते आणि पुढे ‘गोठवू नका’ अशा अर्थाची ‘डू नॉट फ्रीज’ ही इंग्रजी सूचना असते. मराठीत तिचं ‘फ्रीज करू नका’ होतं. गावात फ्रीज म्हणजे वस्तू थंड ठेवायचं कपाट. त्यामुळे माणूस ही ओळ ‘फ्रीजमध्ये ठेवू नका’ अशीच वाचतो. मे महिन्यात चंद्रपूर-यवतमाळकडे पारा 45 च्या आसपास जातो, पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. म्हणजे परवानगी असलेली थंड जागा पत्रकानेच बंद केली आणि डबी फळीवर तापत राहिली.

ही चूक तपासणीतही सुटते. मराठीवरून पुन्हा इंग्रजी करणारा दुसरा अनुवादक मूळचाच इंग्रजी शब्द परत लिहितो, दोन्ही मजकूर जुळतात आणि कागद मंजूर होतो. ओळ वाचायला देऊन ‘आता डबी कुठे ठेवाल?’ एवढं आशाताईंना किंवा पेशंटच्या घरच्यांना विचारलं, तर ती लगेच सापडते.

काही अनुवादक मुद्दामच ‘फ्रीजमध्ये ठेवू नका’ लिहावं म्हणतात. थंड डबी लगेच उघडली तर हवेतलं बाष्प पट्टीवर बसतं, ही त्यांची भीती खरी आहे. काही कंपन्या फ्रीजला स्वतःच मनाई करतात. तिथे तसंच लिहायचं. पण जिथे मूळ मर्यादा 2 अंशांपासून आहे तिथे मनाई घालणं म्हणजे अट बदलणं, आणि तो अधिकार अनुवादकाचा नाही. शंका उत्पादकाकडे लेखी पाठवायची आणि उत्तर आल्यावर असं लिहायचं : ‘2 ते 30 अंशांत ठेवा. फ्रीजरमध्ये किंवा बर्फाला लागून ठेवू नका. फ्रीजमधून काढलेली बंद डबी खोलीत येऊ द्या, बाहेरून ओलसर राहिली नाही की मगच उघडा. पट्टी काढताच झाकण घट्ट लावा.’ कूलरच्या झोतात डबी उघडू नये, हेही विदर्भासाठी जोडून घ्यावं. ती हवा दमट असते.

उन्हात तापलेली पट्टी दिसायला चांगलीच असते. पट्टी तपासण्यासाठी मिळणाऱ्या कंट्रोल द्रावणाचा एक थेंब लावून आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत येतो का, ते पाहावं. येत नसेल तर नव्या डबीतली पट्टी लावून पुन्हा पाहावं. तिचा आकडा बरोबर आला, तर पहिली डबी टाकून द्यावी.