५०० मीटर लांबून गेलेला रस्ता, खडी मात्र जवळपास तेवढीच

गावरस्त्याचा डिझाइन रिपोर्ट म्हणजे आकड्यांचं बाड असं वाटतं, पण नीट बघितलं तर त्यात एकाच प्रश्नाचं उत्तर असतं, रस्ता इथूनच का नेला? सरळ दिसतोय समोर, मग हा वळसा कशाला? एक कल्पित उदाहरण घेऊन हिशोबच मांडतो.

समजा खालची वस्ती ५४० मीटर उंचीवर आहे आणि वरची ६१२ वर, म्हणजे चढायचंय ७२ मीटर. सरळ गेलं तर रस्ता ९०० मीटरचा, पण तो आधी सखल चिकणमातीतून जातो आणि मग थेट टेकडीला भिडतो. दुसरी आखणी टेकडीच्या कडेकडेने मुरमावरून जाते, लांबी १४०० मीटर.

आधी चढ बघू. ९०० मीटरात ७२ म्हणजे सरासरी ८ टक्के, आणि ही सरासरी आहे हं, सुरुवातीचा सखल भाग जवळजवळ सपाट असल्याने पुढचा चढ याहून उभा होणार. १० टनाच्या ट्रकला सपाट चांगल्या रस्त्यावर चाकांचा विरोध मोडायला साधारण १५० ते २०० किलोंचा जोर लागतो, ८ टक्के चढावर त्यात अजून ८०० किलोंची भर पडते, म्हणजे ट्रक पहिल्या गिअरमध्ये रडत जाणार आणि उतरताना तेवढंच ओझं ब्रेकवर येणार. १४०० मीटरच्या आखणीत हाच चढ ५.१ टक्के होतो. पण सगळीकडे एकच चढ ठेवत नाहीत, कारण वळताना गाडीचा थोडा जोर वळण्यातच जातो. म्हणून वळणांच्या २०० मीटरात ४ टक्के ठेवला, तिथे ८ मीटर चढून झाले, उरलेले ६४ मीटर १२०० मीटरात, म्हणजे ५.३ टक्के. वळण सुसह्य झालं आणि बाकी चढ जेमतेम वाढला.

वळणाचं गणित छोटं आहे:

e + f = V² / (127 R)

e म्हणजे बाहेरची कड किती उचलली, f म्हणजे टायरची आडवी पकड, V ताशी किलोमीटर आणि R त्रिज्या मीटरमध्ये. ०.०७ आणि ०.१५ धरले तर ताशी ४० किमीसाठी त्रिज्या ५७ मीटर येते, रिपोर्टात ६० लिहू. जागा नाही म्हणून कोणी ३० मीटरची त्रिज्या ठेवली तर सुरक्षित वेग २९ वर येतो, मग तिथे वेग कमी करायचा बोर्ड तरी लावा ना, नुसती त्रिज्या बदलून गप्प बसू नका.

आता जाडी, आणि इथेच खरी गंमत आहे. मातीची ताकद सीबीआर टेस्टने मोजतात, ५ सेंटीमीटर व्यासाचा दट्ट्या दाबलेल्या मातीत २.५ मिलिमीटर घुसवायला किती जोर लागला त्याची प्रमाणित खडीशी तुलना करतात. पण नमुना आधी चार दिवस पाण्यात ठेवून. हे महत्त्वाचं, कारण चिकणमाती कोरडी असताना मस्त आकडा देते आणि भिजली की लोणी होते. आपल्या उदाहरणात भिजवल्यावर चिकणमातीचा सीबीआर ४, मुरमाचा ८ धरू. ४०८० किलोंचं चाक आणि ६ किलो प्रति चौ. सेंमी टायरचा दाब धरून जुन्या सीबीआर सूत्रात टाकलं तर जाडी येते अनुक्रमे सुमारे ४० आणि २६ सेंटीमीटर. रुंदी ३.७५ मीटर धरा आणि गुणा. सरळ रस्त्याला १३५० घनमीटर थर, वळशाच्या रस्त्याला १३६५! (चिकणमातीचा आकडा पूर्ण ९०० मीटरला लावलाय, प्रत्यक्षात तुकडे पाडून करतात, आणि खोदाई-भराव वेगळाच.) म्हणजे लांबी दीडपटीहून जास्त आणि खडी जवळपास तेवढीच, वर चढ सौम्य.

आता गोम. तीन ठिकाणी सीबीआर ३, ८ आणि १० आले की काही जण सरासरी ७ धरून २८ सेंटीमीटर लिहून मोकळे होतात. पण ३ च्या जागी ४७ लागतात, आणि रस्ता काही सरासरीने खचत नाही, तिथेच खचतो. ओळखायचं कसं? चाकाच्या रेषेत खोल चाकोरी पडते आणि तिच्या शेजारी माती फुगून वर येते, म्हणजे खालची माती दबून बाजूला सरकलीय, वर कितीही डांबर ओता. नुसती चाकोरी आहे आणि बाजूला फुगवटा नाही, तर वरचे थर नीट दाबले नव्हते का ते आधी तपासा.

जाडीच्या या सीबीआर सूत्राची एक कमजोरीही आहे, ते चाक किती जड ते बघतं, किती वेळा जातं ते नाही. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या ट्रॅकवर ट्रक अखंड फिरवून बघितले, त्यातून निघालं की अॅक्सलचं वजन वाढलं की नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घातात वाढतं. वजन सव्वापट झालं तर नुकसान जवळजवळ अडीचपट. म्हणून वाहनं मोजताना मोटारसायकली कितीही असू द्या, त्यांनी जाडी हलत नाही. हंगामात रोज जाणारे भरलेले ट्रक मात्र नेमके हंगामातच उभं राहून मोजायला हवेत, आणि जाडीच्या पानावर ती मोजणीची तारीख दिसली नाही तर मी ते पान परत पाठवतो.