भांडणानंतरची मिठी आणि ‘समेट’ या शब्दाचा इतिहास

मागच्या रविवारी आमच्या वाचनमंडळात चिंपांझींवर बोलणं झालं. शेवटी सत्तरीतल्या एका बागायतदारांनी विचारलं, “आमच्या कुळागरात माकडं रोज भांडतात आणि घटकाभरात एकमेकांच्या उवा काढत बसतात. हे तर आम्ही लहानपणापासून बघतो. मग चिंपांझींनी भांडणानंतर मिठी मारली, यात शोध लागण्यासारखं काय होतं?” प्रश्न रास्त होता. सभेच्या शेवटच्या पाच मिनिटांत त्याचं उत्तर देणं जमलं नाही, म्हणून हे टिपण.

चिंपांझींचे गट कसे असतात, नरांमध्ये उतरंड कशी असते, हे त्या दिवशी झालं आहे. ते पुन्हा सांगत नाही.

१९६०च्या दशकात प्राण्यांच्या आक्रमकतेबद्दल जे मत रूढ होतं ते साधं होतं. भांडणामुळे प्राणी एकमेकांपासून लांब जातात, प्रत्येकाला आपापली जागा मिळते आणि विषय तिथेच संपतो. त्याच दशकात टांझानियातल्या गोंबे इथल्या निरीक्षणांत वेगळंच काही नोंदलं जात होतं. मार खाल्लेला चिंपांझी मारणाऱ्याकडेच परत जायचा, वाकायचा, हात पुढे करायचा आणि मारणारा त्याच्या हाताला किंवा पाठीला हात लावायचा. त्या काळी याला ‘आश्वासन’ म्हटलं गेलं. दुबळ्याने शरण जायचं आणि बलवानाने अभय द्यायचं, असा अर्थ लावून त्याला उतरंडीच्या खात्यात टाकलं गेलं. जे दिसलं ते नीट टिपलं होतं; फक्त त्यातून पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही.

तो प्रश्न निघाला नेदरलँडमधल्या आर्न्हेम गावच्या प्राणिसंग्रहालयात. तिथे १९७१ साली चिंपांझींची मोठी वसाहत उभी राहिली होती. उन्हाळ्यात पाण्याने वेढलेलं मोकळं बेट आणि हिवाळ्यात एक भलंमोठं दालन. दशकाच्या मधल्या एका हिवाळ्यात त्या दालनात एका नराने एका मादीवर हल्ला केला. बाकीचे मध्ये पडले, आरडाओरडा झाला, मग एकदम शांतता पसरली. थोड्या वेळाने सगळा गट हुंकारू लागला, एक नर धातूच्या पिंपांवर ताल धरून बडवू लागला आणि त्या गलक्याच्या मधोमध दोन चिंपांझी एकमेकांना मिठी मारून मुके घेत होते. बघणाऱ्या तरुण अभ्यासकाच्या हे लगेच ध्यानात आलं नाही. काही तासांनी, दिवसाच्या घटना पुन्हा आठवताना त्याला उमगलं की मिठीतले ते दोघे म्हणजे मघाचा हल्लेखोर नर आणि तीच मादी. त्यानंतर त्याने भांडण संपल्यावर वही मिटायची नाही, असं ठरवलं. पूर्वी भांडण संपलं की नोंदही संपत असे, आणि खरी गोष्ट तर तिथून पुढे सुरू होत होती.

या नोंदींवर आधारलेला निबंध १९७९ साली आला. त्यातली मुख्य गोष्ट अशी, की भांडलेले दोघे इतरांकडे जाण्यापेक्षा एकमेकांकडे जास्त जातात, तेही लवकर, आणि त्या पहिल्या भेटीतलं वागणं नेहमीच्या भेटीपेक्षा निराळं असतं. एक बारकावा सांगतो, कारण आपल्या चर्चेत तो हरवला. त्या वसाहतीत भांडलेल्या दोघांच्या भेटीची खूण होती तोंडाला तोंड लावून घेतलेला मुका. मिठी जास्त दिसली ती तिसऱ्याने येऊन मार खाल्लेल्याची समजूत काढताना. पुढे इतर गटांत मिठी दोन्हीकडे आढळली. म्हणजे फोटोत मिठी दिसली की ‘हे दोघे भांडले होते’ असं म्हणता येत नाही.

आता शब्दाकडे येतो, कारण खरा वाद तिथे आहे. त्या निबंधात या भेटीला इंग्रजीत ‘रिकन्सिलिएशन’ हा शब्द वापरला, तो माणसांच्या व्यवहारातला होता. आपण मराठीत ‘समेट’ म्हणतो. अनेकांचा आक्षेप होता की या शब्दात निष्कर्ष आधीच भरलेला आहे. ‘भांडणानंतरची मैत्रीपूर्ण भेट’ म्हणा, त्यांचं म्हणणं होतं. जे दिसतं तेवढंच सांगा. शब्द वापरणाऱ्यांचं उत्तर असं, की हल्ल्याला ‘हल्ला’ आणि धमकीला ‘धमकी’ म्हणताना कोणाला अडचण होत नाही, मग प्रेमाच्या वागण्यालाच एवढे कोरडे शब्द का? मला हे उत्तर पटतं.

मराठीत तर हा गुंता जास्तच आहे. आपल्याकडे देवस्थानाच्या महाजनांमध्ये तंटा होतो आणि ‘समेट’ होतो तेव्हा त्यात अटी असतात, पंच असतात, कोणीतरी काहीतरी सोडतं. चिंपांझींच्या भेटीत यातलं काहीच नसतं. ‘तडजोड’ त्याहून लांबची. ‘दिलजमाई’ गोड आहे, पण ती मनात काय झालं याची ग्वाही देते, आणि ते तर कोणी पाहिलेलं नाही. ‘सलोखा’ म्हणजे टिकून राहिलेली स्थिती. इथे बोलणं चाललंय दहा मिनिटांत घडणाऱ्या एका भेटीबद्दल. म्हणून मी ‘समेट’च ठेवतो, पण त्यातल्या अटी आणि पंच वजा करून. ‘उवा काढणे’ हाही तसाच फसवा शब्द आहे. चिंपांझी केस बाजूला सारून कोंडा, खपली, कधी गोचीड काढतात आणि ते करताना ओठांचा मचमच आवाज करतात. पण ज्याच्या अंगावर काढण्यासारखं काही नाही त्याच्याही केसांत बोटं फिरत राहतात. सोप्यावर बसून नातीचे केस विंचरणाऱ्या आजीला उवांची गरज नसते, तसंच हे. म्हणून पुढे मी ‘केस निवडणे’ म्हणतो.

बागायतदारांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र शब्दात नाही, ते मोजण्याच्या पद्धतीत आहे. दोन माकडं भांडली आणि नंतर जवळ बसली. पण ती एरवीही जवळ बसणारी असतील तर? भांडण झालं नसतं तरी त्या वेळी ती तिथेच दिसली असती. ही शंका फेडणारी पद्धत १९८३ साली लाल तोंडाच्या ऱ्हिसस माकडांवर पहिल्यांदा वापरली गेली. भांडण झालं की त्यातल्या एकाला ठरावीक वेळ, बहुधा दहा मिनिटं, नजरेआड होऊ द्यायचं नाही. कोणत्या मिनिटाला तो प्रतिस्पर्ध्याला प्रेमाने भेटला ते लिहायचं. मग दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला, भांडण नसताना, त्याच प्राण्याकडे पुन्हा तेवढाच वेळ बघायचं आणि दोन्ही नोंदी जोडीने ताडून पाहायच्या.

समजा, अशा १०० जोड्या झाल्या. ४५ जोड्यांत भेट फक्त भांडणानंतर झाली किंवा साध्या दिवसापेक्षा कमी मिनिटांत झाली; १० जोड्यांत ती फक्त साध्या दिवशी झाली किंवा त्या दिवशी कमी मिनिटांत झाली; बाकीच्यांत फरक नाही. मग ४५ मधून १० वजा करायचे आणि समेटाचं प्रमाण ३५ टक्के धरायचं. ही वजाबाकी १९९४ साली रूढ झाली. त्या १० चं महत्त्व मोठं आहे, कारण ‘एरवीही भेटलेच असते’ हा हिशेब त्यांत येतो. ही वजाबाकी न केलेले आकडे या आकड्यांशेजारी मांडले तर तुलना फसते, आणि जुने लेख वाचताना ही चूक सर्रास होते.

भेट होते हे ठरल्यावर ती कशासाठी, यावर दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो, हा फक्त ‘माझा राग संपला’ असा निरोप आहे. त्यांच्या बाजूने चांगला पुरावा आहे. बोट्स्वानातल्या बबून माद्यांवरच्या प्रयोगात वरचढ मादीचा सौम्य गुरगुराट भांडणानंतर ध्वनिफितीवरून ऐकवला, तर मार खाल्लेली मादी खरोखर समेट झाल्यासारखी निर्धास्त वागली. नुसता आवाज पुरला. दुसरा पक्ष म्हणतो, नातं कामाचं असतं म्हणून ते दुरुस्त केलं जातं. त्यांच्याकडे १९९३ सालचा प्रयोग आहे. लांब शेपटीच्या माकडांच्या जोड्यांना असं शिकवलं की दोघं शेजारी बसली तरच पॉपकॉर्न मिळतं. आधी आणि नंतर त्यांच्यात मुद्दाम भांडण लावून पाहिलं, तर शिकवल्यानंतर समेटाचं प्रमाण जवळजवळ तिप्पट झालं. माकडं तीच होती. बदललं ते एवढंच, की दुसऱ्यावाचून आता आपलं अडत होतं.

चिंपांझींकडे बघितलं तर मला दुसरा पक्ष बळकट वाटतो. आर्न्हेममध्ये प्रौढ नरांच्या आपसातल्या भांडणांपैकी सुमारे ४७ टक्के समेटाने संपली, माद्यांच्या आपसातल्या भांडणांपैकी फक्त १८ टक्के. नर जास्त भांडतात, पण सत्तेसाठी त्यांना साथीदारही लागतो. आजचा शत्रू उद्याच्या आघाडीत हवा असतो. म्हणून ताठा आड येतो तेव्हाही ते वाट शोधतात. दोन नर अंतर ठेवून बसलेत, एकमेकांकडे बघत नाहीत, एकाने वर पाहिलं की दुसरा गवताच्या काडीत गुंततो. मग एक वयस्क मादी येते, एकाचे केस निवडते, उठून सावकाश दुसऱ्याकडे जाते. पहिला तिच्या मागोमाग जातो, पण समोर बघत नाही. ती दोघांच्या मध्ये बसते, दोघेही तिचे केस निवडू लागतात, आणि थोड्या वेळाने ती हळूच उठून जाते. दोघांची बोटं थांबत नाहीत; आता ती एकमेकांच्या केसांत असतात.

समजूत काढणाऱ्या तिसऱ्याबद्दल मात्र मी हात राखून बोलतो. भांडणानंतर प्राणी स्वतःला वारंवार खाजवतो आणि ते बेचैनीचं माप म्हणून वापरतात. तिसऱ्याने जवळ घेतल्यावर हे खाजवणं एका वसाहतीत कमी झालं, दुसऱ्या वसाहतीत झालं नाही. दोन्ही निष्कर्ष २००७-०८ मधले आहेत.

नव्वदीनंतर जंगलातले आकडे येऊ लागले, आणि त्यांनी पिंजऱ्याबाहेरचं चित्र वेगळं दाखवलं. युगांडातलं बुडोंगो, आयव्हरी कोस्टमधलं ताई आणि टांझानियातलं महाले या तिन्ही ठिकाणी समेटाचं प्रमाण २० टक्क्यांच्या आतच राहिलं. कारण समजण्यासारखं आहे. आर्न्हेमच्या दालनातून कोणी उठून जाऊ शकत नाही, जंगलात मात्र भांडलेला चिंपांझी दोन दिवस दुसऱ्या टोळक्यात काढू शकतो. तरीही जिथे दोघांची घट्ट साथ होती तिथे समेट जास्त दिसला. दुसऱ्या टोकाला गोंबे आहे. १९७४ ते ७८ या काळात एका गटातून फुटून निघालेल्या शेजाऱ्यांना मूळ गटाच्या नरांनी एकेक करून ठार केलं. मारणारे आणि मरणारे एके काळी एकमेकांचे केस निवडत बसायचे. गट फुटल्यावर हात पुढे करणं थांबलं.

बागायतदारांना मी एवढंच सांगितलंय की कुळागरातली माकडं आधी ओळखायला शिका. कान फाटलेला एक, शेपटीला गाठ असलेली एक, असे चार-पाच पुरे. भांडण झालं की घड्याळ बघून दहा मिनिटं एकावरच नजर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तिथे जा. दुसऱ्या दिवशीचं बसणं कंटाळवाणं होईल, कारण बहुतेक वेळा काहीच घडणार नाही. पण वहीत तेही लिहायचं.