विल्सनचा अल्गोरिदम

एखाद्या जोडलेल्या ग्राफमधल्या सगळ्या स्पॅनिंग ट्रींमधून एक ट्री अशी निवडायची की प्रत्येकीला अगदी सारखी संधी मिळेल. यासाठीची सर्वांत सुटसुटीत रीत डेव्हिड विल्सन यांनी 1996 मध्ये मांडली. ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा; त्याचे सगळे बिंदू जोडणारा आणि एकही चक्र नसलेला कडांचा संच म्हणजे स्पॅनिंग ट्री. अशा ट्री किती आहेत हे किर्खोफ यांच्या 1847 च्या प्रमेयावरून एका निश्चयकाने काढता येते. पण त्यांची संख्या फार झपाट्याने वाढते. नुसत्या 10 बिंदूंच्या पूर्ण ग्राफमध्येच, म्हणजे जिथे प्रत्येक दोन बिंदूंमध्ये कडा असते तिथे, त्या दहा कोटी असतात, त्यामुळे यादी करून चिठ्ठी उचलणे शक्य नसते.

पहिल्यांदा सुचणारा उपाय चुकतो. कडा पिसून एका ओळीत मांडायच्या, एकेक घेत जायचे आणि चक्र तयार करणारी कडा सोडून द्यायची, अशी ही रीत. ती हमखास स्पॅनिंग ट्री देते, पण सगळ्यांना सारखी संधी देत नाही. अ, ब, क, ड असा चौकोन घ्या आणि त्यात अक हा कर्ण काढा. पाच कडांमधून तीन निवडण्याचे 10 प्रकार आहेत. त्यातले दोन त्रिकोण वगळले की 8 ट्री उरतात: चार कर्णासह, चार कर्णाविना. कर्ण गळतो तो ओळीत त्याच्या आधी अब आणि बक दोन्ही आल्या तर, किंवा कड आणि डअ दोन्ही आल्या तर. याची संभाव्यता 1/3 + 1/3 − 1/5, म्हणजे 7/15. म्हणून कर्णाच्या प्रत्येक ट्रीला 8/60 मिळतात आणि बिनकर्णाच्या प्रत्येकीला 7/60. फरक लहान आहे, पण तो पद्धतीतच मुरलेला आहे आणि कितीही वेळा पिसले तरी जात नाही.

विल्सन यांची रीत अशी. कोणताही एक बिंदू मूळ म्हणून धरायचा. सुरुवातीला ट्रीमध्ये तेवढाच असतो. ट्रीबाहेरच्या कोणत्याही बिंदूपासून यादृच्छिक भटकंती सुरू करायची: दर पावलाला सध्याच्या बिंदूच्या शेजाऱ्यांपैकी एक सारख्या संधीने निवडून तिथे जायचे. वाटेत आधीच्या पावलांवर परत आलो तर तयार झालेले चक्र तिथल्या तिथे पुसायचे आणि पुढे चालायचे. ट्रीला पाय लागला की उरलेली सरळ वाट ट्रीला जोडायची. मग पुढचा बाहेरचा बिंदू घ्यायचा, सगळे संपेपर्यंत. चक्रे पुसलेल्या भटकंतीचा अभ्यास ग्रेगरी लॉलर यांनी 1980 पासून केला होता. तिच्यातून पूर्ण ट्री उभी करता येते हे विल्सन यांनी दाखवले.

वरच्या चौकोनात ड हे मूळ धरू आणि ब पासून निघू. समजा पावले पडली ब→अ→क→ब. चक्र झाले, ते पुसले, पुन्हा ब वर आलो. पुढे ब→क→ड, आणि मूळ लागले. ट्रीमध्ये बक आणि कड आल्या. आता अ पासून निघालो आणि पहिल्याच पावलाला ब वर पोचलो. अब, बक, कड ही ट्री सहा पावलांत तयार झाली.

सगळ्या ट्रींना समान संधी मिळते हे या वर्णनातून मुळीच दिसत नाही. भटकंती कुठून सुरू करायची हे तर आपल्या मर्जीवर सोडलेले आहे! पण पटवून देणारी कल्पना फार सुंदर आहे. मूळ सोडून प्रत्येक बिंदूवर पत्त्यांची न संपणारी चळत ठेवलेली आहे असे समजा. प्रत्येक पत्त्यावर त्या बिंदूचा एक शेजारी लिहिलेला आहे, यादृच्छिकपणे आणि इतर पत्त्यांशी संबंध न ठेवता. भटकणारा त्या बिंदूच्या वरच्या पत्त्यावर लिहिले असेल तिकडे जातो. चक्र पुसणे म्हणजे त्या चक्रातल्या बिंदूंवरचे वरचे पत्ते काढून टाकणे. सगळ्या चळतींचे वरचे पत्ते एकत्र पाहिले तर त्यांत एकतर चक्र असते, किंवा ते मुळाकडे जाणारी ट्री दाखवतात.

कळीचा मुद्दा हा की चक्रे कोणत्याही क्रमाने काढली तरी शेवटी तीच चक्रे निघतात आणि तीच ट्री उरते. समजा आत्ता एक चक्र वर दिसते आहे, पण आपण दुसरीच चक्रे काढत गेलो. त्यांतले ज्यात पहिल्या चक्राचा एखादा बिंदू येतो असे सर्वांत आधीचे चक्र पाहा. त्या बिंदूवरचा पत्ता अजून हललेला नाही, म्हणून दोन्ही चक्रांत त्याच्या पुढचा बिंदू एकच आहे. त्या पुढच्या बिंदूलाही तेच लागू, आणि असे करत पूर्ण फेरी होते. म्हणजे हे चक्र म्हणजे पहिलेच चक्र, तेच पत्ते घेऊन. ते सुरुवातीला काढले असते तरी बाकी काही बदलले नसते. वरच्या उदाहरणात चळती ब: अ, क; अ: क, ब; क: ब, ड अशा होत्या. त्याच चळती ठेवून क पासून निघा: क→ब→अ→क हे तेच चक्र निघते, मग क→ड, आणि शेवटी तीच ट्री.

आता मोजणी सोपी होते. काढलेल्या चक्रांचा एखादा संच आणि खाली उरलेली एखादी ट्री ही जोडी घडण्याची संभाव्यता म्हणजे त्यांतल्या सगळ्या पत्त्यांच्या संभाव्यतांचा गुणाकार. चक्रांचे पत्ते आणि ट्रीचे पत्ते वेगळे असल्याने कोणत्याही चक्रसंचाखाली कोणतीही ट्री बसू शकते. म्हणून हा गुणाकार दोन स्वतंत्र तुकड्यांत फुटतो. ट्रीच्या तुकड्यात मूळ सोडून प्रत्येक बिंदूचा नेमका एक पत्ता असतो आणि त्याची संभाव्यता 1 भागिले त्या बिंदूचे शेजारी. ट्री कोणतीही असो, गुणाकार तोच. आपल्या चौकोनात अ, ब, क यांचे शेजारी 3, 2, 3, म्हणून प्रत्येक ट्रीला 1/18. आठ ट्री मिळून 8/18, म्हणजे 4/9: एकही चक्र न पुसता काम होण्याची हीच संभाव्यता आहे. सगळ्या शक्य चक्रसंचांची बेरीज 9/4 भरते आणि प्रत्येक ट्रीला बरोबर 1/8 मिळतो.

संगणकावर चक्रे पुसण्याची गरजच पडत नाही. प्रत्येक बिंदूवरून शेवटचे कुठे गेलो तेवढे लक्षात ठेवले की पुरते. नवी नोंद जुनी आपोआप पुसते.

```python
in_tree[root] = True
for s in V:
    u = s
    while not in_tree[u]:
        nxt[u] = random.choice(adj[u])
        u = nxt[u]
    u = s
    while not in_tree[u]:
        in_tree[u] = True
        u = nxt[u]
```

याआधी अँड्रे ब्रोडर आणि डेव्हिड ऑल्डस यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या रीतीत भटकंतीने सगळा ग्राफ पालथा घालावा लागे. n बिंदूंच्या पूर्ण ग्राफमध्ये त्याला सरासरी सुमारे n log n पावले लागतात, विल्सन यांच्या रीतीला सुमारे 2n. वेळ जातो तो मुख्यतः सुरुवातीला: मोठ्या जाळीवर मूळ एकटेच असते तेव्हा पहिली भटकंती बराच काळ चालते.

इथेच बिघाड शिरतो. कंटाळून फक्त ती लांबलेली भटकंती रद्द करून त्याच बिंदूपासून पुन्हा सुरू केली तर आखूड फांद्यांना झुकते माप मिळते. ‘आधी न गेलेल्याच शेजाऱ्याकडे जा’ ही सुधारणाही समानता मोडते. सगळे काम पावलांच्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले म्हणून सगळेच टाकून पहिल्यापासून सुरू केले तर मात्र चालते, कारण एकूण पावले म्हणजे काढलेले पत्ते अधिक ट्रीच्या कडा, आणि काढलेल्या पत्त्यांचा ट्रीशी संबंध नसतो. आपल्या प्रोग्रामची परीक्षा घ्यायला कर्णाचा चौकोन पुरेसा आहे. 80,000 वेळा चालवा; प्रत्येक ट्री 10,000 च्या आसपास यायला हवी, साधारण शे-दोनशेच्या फरकाने. कडा पिसण्याच्या रीतीत कर्णाच्या ट्री 10,667 च्या आणि बाकीच्या 9,333 च्या आसपास दिसतील.