डेट डिफ्लेशन (घसरते भाव आणि फुगणारं कर्ज)

डेट डिफ्लेशन म्हणजे बाजारात सगळ्याच वस्तूंचे भाव पडत जातात, पण कर्जाचा आकडा तसाच राहतो, आणि त्यामुळे कर्ज फेडूनसुद्धा ते जड होत जातं. ही कल्पना मांडली अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आयर्विंग फिशर यांनी, १९३३ साली, महामंदी चालू असताना. १९२९ च्या शेअर बाजार कोसळण्यात त्यांची स्वतःची संपत्तीही गेली होती, म्हणजे हा माणूस पुस्तकातूनच बोलत होता असं नाही. लोक जितकं जास्त फेडतात तितकं जास्त देणं राहतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता हे आपल्या खान्देशात आणून बघू. जळगाव जिल्ह्यातला एक कापूसवाला शेतकरी समजा, सातबाऱ्यावर दोन लाखांचा बोजा, व्याज १० टक्के, मुद्दल तसंच उभं. कापूस ८००० रुपये क्विंटल आहे तोवर हे कर्ज म्हणजे २५ क्विंटल कापूस. आता भाव २० टक्के पडले, कापूस ६४०० झाला, तर तेच दोन लाख म्हणजे सव्वाएकतीस क्विंटल. बँकेच्या कागदावर एक रुपयाही वाढला नाही, पण शेतातून सव्वासहा क्विंटल जास्त काढावा लागणार. (नुसता कापूसच पडला तर त्याला डेट डिफ्लेशन म्हणत नाहीत भो, ती एका पिकाची मंदी. इथं केळी, मजुरी, जमीन, दुकानातला माल, सगळंच खाली येतंय असं धरलंय. म्हणजे घरखर्चही उतरतो, पण हप्ता उतरत नाही, आणि सगळी गोची तिथंच आहे.)

अशा वेळी मध्यवर्ती बँक व्याजदर उतरवते. समजा दर १० वरून थेट ६ टक्क्यांवर आला आणि तो आपल्या शेतकऱ्यापर्यंत पोचलासुद्धा, जे बहुतेक वेळा सगळं पोचत नाही. वर्षाचं व्याज २० हजारांवरून १२ हजार झालं, वाचले ८ हजार, म्हणजे नव्या भावानं सव्वा क्विंटल कापूस. पण मुद्दल सव्वासहा क्विंटलनं फुगलंय! एवढी मोठी दरकपात सलग पाच वर्षं चालली तर कुठं भावाच्या एका धक्क्याची भरपाई होते. आणि तोवर भाव अजून पडले तर?

नवीन कर्जाचं गणित तर अजून वाईट. त्यानं ६ टक्क्यांनी एक लाख घेतले, तेव्हा ते साडेपंधरा क्विंटलच्या थोडे वर होते, वर्षभरात भाव अजून १० टक्के पडून ५७६० झाला, तर १ लाख ६ हजार फेडायला जवळपास साडेअठरा क्विंटल घालावा लागतो, म्हणजे मालाच्या हिशोबात व्याज बसलं जवळपास १८ टक्के. त्याउलट भाव वर्षाला ५ टक्के चढत असते तर १० टक्क्यांचं कर्जही त्याला ५ टक्क्यांच्या आतच पडलं असतं. म्हणून बोर्डावरचा दर बघून कर्ज स्वस्त झालं असं म्हणणं चुकीचं, दरातून भावाची चाल वजा करून बघायची. बँक दर शून्यापर्यंत आणू शकते, त्याखाली फार जाता येत नाही, पण भावाला खाली जायला तशी मर्यादा नाही.

अमेरिकेत नेमकं हेच झालं. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा डिस्काउंट रेट, म्हणजे ती बाकीच्या बँकांना ज्या दरानं उधार द्यायची तो दर, १९२९ च्या ऑक्टोबरात ६ टक्के होता, तो १९३१ च्या मे पर्यंत दीड टक्क्यावर आला. पण १९३१ आणि १९३२ मध्ये ग्राहक किंमती वर्षाला साधारण ९-१० टक्के घसरत होत्या, त्यामुळे दीड टक्का सुद्धा कर्जदाराला महाग पडत होता.

कर्जदाराचं नुकसान म्हणजे सावकाराचा फायदा, मग एकूण बेरीज शून्यच ना, असं कुणी विचारेल. पण कर्जदार म्हणजे हातात आला तसा पैसा खर्च करणारा माणूस, तो किराणा, बियाणं, कपडालत्ता सगळं कापतो, आणि सावकाराकडं जमा झालेला पैसा तितक्या जोरात बाजारात परत येत नाही. वर हप्ता भागवायला सगळेच एकदम जमीन, बैल, ट्रॅक्टर विकायला काढतात, भाव अजून पडतो. तारणाचंही तसंच, ५ लाखांच्या जमिनीवर बँक ६० टक्के धरून ३ लाख देत होती, जमीन ४ लाखांची झाली की मर्यादा २ लाख ४० हजार, म्हणजे दर कितीही उतरला तरी मॅनेजर फाईल परत करणार. थकबाकी वाढली की बँकही हात आखडते.

मात्र भाव पडले की दरवेळी असं होतंच असं नाही. उत्पादन स्वस्त झाल्यानं टीव्ही-मोबाईल स्वस्त झाले आणि लोकांची कमाई तशीच राहिली तर कर्जदाराला त्रास नाही. कर्जंच थोडी असली तरीही पडलेल्या भावाचा धक्का पचतो. ओळखायची खूण म्हणजे लोक कर्ज फेडत असतात, थकीत रक्कम रुपयांत कमी होत असते, पण कमाईच्या तुलनेत बोजा वाढतच जातो.

फिशर यांचा उपाय होता भाव परत जुन्या पातळीला आणायचा, त्याला ते रिफ्लेशन म्हणत. १९३३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी डॉलर सोन्याच्या ठरलेल्या भावापासून सोडवला आणि घसरण थांबून भाव वर फिरले. दुसरी वाट कर्जाचा आकडाच कमी करायची, म्हणजे तडजोड किंवा माफी, पण त्यात बँकेच्या ताळेबंदाला खड्डा पडतो आणि तो कुणीतरी भरावाच लागतो.